एक आयडी, दोन घरं

शांतावैनींच्या घरचं नेट गेलं, तेव्हा दुसरी एखादी बाई कपाळाला हात लावून बसली असती. वैनींनी पदर खोचला. यंत्र रुसलं की या बाईला स्फुरण चढतं, हे सगळी वाडी जाणून होती.

जोयडा तालुक्यातल्या त्या डोंगरात मोबाईलला रेंज नाही. रेंज हवी तर वरच्या माळावर जायचं आणि एका ठरलेल्या दगडावर उभं राहायचं. घरात जे काय बोलणं व्हायचं ते फायबरच्या वायरवरून. एरवी वैनींनी नेट नाही म्हणून एक दिवस आनंदाने काढला असता. पण आज तसं नव्हतं. बेळगावच्या दवाखान्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचं, इंदुबाईंचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. ठरलं होतं गुरुवारी, आणि डॉक्टरांनी अचानक अलीकडे आणलं. भाचा विनायकचा फोन आला तोवर सकाळची एकुलती एक बस निघून गेलेली.

"मावशी, दुपारी आत नेतील. त्याआधी व्हिडिओ लावतो. आई तुलाच विचारत्ये," एवढं तो म्हणाला आणि करंट गेला.

माळावरच्या रेंजवर व्हिडिओ चालत नसे. साधा फोन लागला असता, पण त्याचा उपयोग नव्हता. इंदुबाईंना ऐकू येत नसे. समोरच्याचे ओठ दिसले तरच त्यांना बोलणं कळायचं. ज्या आक्कानं आपल्याला कडेवर घेऊन खानापूरचा बाजार दाखवला, ती न बोलता आत गेली आणि काही बरंवाईट झालं तर? वैनींनी तो विचार झटकला आणि करंट येताच राउटरसमोर ठाण मांडलं.

भिंतीवर दोन डबे. एकात फायबरची पिवळी वायर येते, आणि त्यातून निघालेली केबल राउटरच्या निळ्या भोकात जाते. पहिल्या डब्यावर लाल दिवा नव्हता, म्हणजे बाहेर वायर तुटलेली नाही. केबल निळ्याच भोकात होती, घट्ट होती. दोन्ही डबे बंद करून थोडं थांबून आधी फायबरचा, मग राउटर, असे चालू केले. इंटरनेटचा दिवा नारिंगीच. मग त्यांनी मोबाईलवर राउटरचं पान उघडलं. नागराजनं, म्हणजे लाईनवाल्या पोरानं, ते शिकवून ठेवलं होतं. वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाईनीच्या, समोर लिहिलेलं : ऑथेंटिकेशन फेल. आयपीच्या जागी नुसती शून्यं.

म्हणजे वाट मोकळी आहे, पण दारातला माणूस ओळख पटत नाही म्हणून आत घेत नाही. वैनींनी नेटच्या कंपनीनं दिलेली आयडी आणि पासवर्ड एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. तेच उत्तर. रिचार्ज तर गेल्याच आठवड्यात केलेला. आता आपल्या हातात काही उरलं नाही म्हटल्यावर त्या माळाकडे निघाल्या.

गुडघे कुरकुरत होते. याच बांधांवरून त्या एके काळी पोरीसारख्या धावायच्या. वाडीतला पहिला सरकारी फोन त्यांच्या दुकानात होता, छपरावर काठीला अँटेना बांधलेला. गोव्याच्या हॉटेलात कामाला गेलेली पोरं, रामनगरला दिलेल्या लेकी, सगळ्यांचा आवाज आधी वैनींच्या कानात यायचा. मग त्या शेताशेतातून हाका मारत माणूस गोळा करून आणायच्या. त्यांच्या पडवीत बसायला जागा नसायची. काय दिवस होते ते! फोनची वाट बघत माणसं बसायची, वैनी चहा ठेवायच्या, थट्टा करायच्या. पुढं घरोघर वायरी आल्या आणि पडवी ओस पडली. हल्ली तिथं मांजर झोपायचं. वैनींना त्याचं फार वाईट वाटायचं, आणि त्या ते लपवतही नसत.

दगडावर उभं राहिल्यावर नागराज फोनवर सापडला.

"मावशी, पासवर्ड बरोबर हाय. तुमची आयडी चालूच दाखवत्ये."

"चालू कशी? माझा राउटर शून्यं दाखवतोय."

"दुसऱ्या डब्यावर चालू हाय. एका आयडीवर एकच डबा आत घेतात. पयला घुसला तो ऱ्हातो, दुसऱ्याला फेल दाखवतंय. जुना राउटर काय केलासा?"

वैनींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुना राउटर चांगला चालत होता, टाकवेना, म्हणून खालच्या आळीतल्या झिलूला दिलेला. झिलूकडे नवी वायर ओढून झाली होती, नुसती त्याची आयडी यायची होती. आणि जुन्या डब्याच्या पोटात वैनींची आयडी पासवर्डासकट तशीच होती. त्यांनी ते नागराजला सांगितलं.

"रिसेट मारून द्यायचा असतो मावशी. बटण दाबून धरलं की आतलं सगळं पुसतंय. आता मी झिलूची लाईन तोडतो, मग तुमी राउटर बंद-चालू करा."

घरी पोचेपर्यंत दुपार टळली असती. झिलूचं घर माळाखालीच होतं.

"तोडू नको," वैनी म्हणाल्या. "तसंच राहू दे."

त्या उतरल्या. झिलू अंगणात होता, खूश होता.

"वैनी, तुमचा डबा झकास हाय बगा! सकाळी लागत न्हवता. करंट आल्यावर आपसूक लागला."

"व्हय रे बाबा, माझ्यावरच लागलाय," वैनी म्हणाल्या. रागवायला वेळ नव्हता. "आधी मला बसू दे. माझी आक्का आत चाललीय."

आयुष्यात पहिल्यांदा त्या फोनसाठी दुसऱ्याच्या पडवीत बसल्या. मोबाईलला वायफायचा पासवर्ड विचारावाही लागला नाही, जुन्या डब्यानं त्यांना ओळखलं. विनायकचे चुकलेले फोन एकदम दिसले. त्यांनी उलट लावला, आणि हिरव्या झग्यातली इंदुबाई समोर आली.

"आक्का, भिऊ नको," वैनी ओठ मोठे हलवत म्हणाल्या. "मी हितंच हाय. तू बाहेर येस्तोवर उठत न्हाई."

इंदुबाईंनी ओठ वाचले. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं. वैनींना हसू आलं आणि रडूही आलं. मग कोणीतरी गाडा ढकलला आणि पडद्यावर नुसतं छत दिसलं.

शब्द दिला होता, म्हणून वैनी उठल्या नाहीत. झिलूच्या बायकोनं, सोनियानं, चहा आणून ठेवला. सोनिया काहीबाही बोलत होती, वैनी हूं म्हणत होत्या. चहावर साय धरली. मोबाईल वाजला की त्या दचकून आधी नाव बघायच्या.

उन्हं कलली तेव्हा विनायकचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, आई शुद्धीवर येत होती. वैनींनी मोठा श्वास घेतला आणि गार चहा एका दमात संपवला. मग त्या झिलूकडे बघत राहिल्या.

"झिल्या, तुझा दादा गोव्यात आजारी हुता, तवा तू दिवसभर माझ्या पडवीत बसलावतास. आठवतंय?"

"आठवतंय की."

"मी तुला चहा दिला, तू पिला न्हाईस. मी म्हटलं, नवऱ्या मुलाला गोड कमी पडलं वाटतं. सगळी हसली हुती." वैनींचा आवाज बारीक झाला. "तू भ्यायला हुतास व्हय?"

झिलूनं मान खाली घातली. "व्हय वैनी. समदीच भ्यायलेली असायची. फोन यायची वाट बगत कोण आनंदानं बसतंय?"

वैनींनी रिकामी कपबशी बाजूला सारली.

"पर तुमची बडबड चालायची आतनं," झिलू म्हणाला. "ती थांबली की जास्तीच भ्या वाटायचं."