तीन चांदण्यांचा फ्रिज

मुरुमच्या आमच्या घरात चुली दोन आणि मीटर एक. मोठ्या जाऊबाईंच्या खोलीत त्यांचा दोन दारांचा, लेबलावर वीजबचतीच्या पाच चांदण्या असलेला फ्रिज. माझ्या खोलीत माझा एका दाराचा, तीन चांदण्यांचा. तो माझ्या धाकट्या भावानं सास्तूरहून टेम्पोत घालून लग्नात आणलेला.

त्या उन्हाळ्यात लाईटबिल आलं आणि सासूबाईंचा पारा चढला. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. "तिचा पाच चांदण्याचा, तुझा तीनच. तुझाच करंट खातोय. भावाला फोन लाव, घेऊन जा म्हणावं!" मला लाजेनं आणि संतापानं काही सुचेना. आहेरातली वस्तू माघारी? त्यापेक्षा माझं बखोट धरून माहेरी सोडायचं होतं! मी फोन लावला नाही, तर आत्याबाईंनी दिरांकरवी लावलाच. भाऊ म्हणाला, "उद्या दुपारी येतो पिकअप घेऊन." एवढंच. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

त्याला त्या चांदण्या तेव्हापासूनच टोचत होत्या. लग्नाच्या खरेदीत दुकानदारानं सगळ्यांदेखत विचारलं होतं, पाचवाला का नाही? तेवढे पैसे नव्हते, भावानं मान खाली घातली होती. पुढं तीन वर्षांत तो कितीदा आला, पण माझा फ्रिज कधी उघडला नाही. बाटली पुढं केली तरी "माठातलं दे आक्का" म्हणायचा. मला ते कळायचं आणि राग यायचा, त्याचा नाही, त्या चांदण्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझे पाय एका जागी ठरेनात. भाकरी करपली. दारात जायचं, रस्ता बघायचा, परत यायचं. शेवटी फ्रिज रिकामा करायला घेतला. पुसता पुसता दारावरच्या लेबलावर फडकं गेलं. फ्रिज घरात आला त्या दिवशी आत्याबाईंनी पूजा करून त्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. चांदण्या वर मोकळ्या होत्या, खालचं सगळं कुंकवानं झाकलेलं. वाळून पापुद्रा झालेला. ओल्या फडक्यानं तो निघाला आणि खाली ठळक आकडा दिसला. एकशे बहात्तर युनिट, वर्षाला.

मी तशीच जाऊबाईंच्या खोलीत घुसले. त्यांच्याही फ्रिजवर तेच स्वस्तिक, त्याच जागी. पुसलं. दोनशे एक्याण्णव!

मला खरं वाटेना. पाच चांदण्यांचा जास्त कसा खाईल? माझा फ्रिज घेतला त्या दुकानात फोन करून दोन्ही आकडे सांगितले. दुकानदार हसला. "ताई, चांदण्या त्याच प्रकारच्या, त्याच मापाच्या फ्रिजांत ताडून बघायच्या असतात. मोठ्यात तो चांगला, लहानात हा मधला. वर्षाला किती लागणार ते खालच्या आकड्यावर बघा. तोही तपासणीतला आकडा हाय, उन्हाळ्यात, सारखं दार उघडलं की वाढणारच. आन् चांदण्यांचे नियम दर काही वर्षांनी कडक होतात, जुन्या पाच म्हंजे आत्ताच्या पाच न्हायत."

एवढ्यात पिकअपचा हॉर्न वाजला. भाऊ आत आला, कुणाकडं न बघता फ्रिजला हात घातला. मी ओरडले, "थांब रे!" आणि आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू तुझंच वाचशील. मला वाचता येतंय व्हय?"

जाऊबाई पुढं झाल्या. त्यांचं माझं फारसं पटत नव्हतं, मला वाटलं आता ह्या दाबणार. त्यांनी माझं लेबल वाचलं, मग आपल्या खोलीत जाऊन स्वतःचं वाचलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आत्याबाई, लई खातोय तो माझाच. हिचा न्हाय."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "कुंकू मीच लावलं व्हतं तिथं." मग भावाकडं वळून, "पावणं, उन्हातनं आलाव, पाणी तरी घ्या."

मी सवयीनं माठाकडं वळले.

"राहू दे आक्का," भाऊ म्हणाला. त्यानं स्वतः फ्रिजचं दार उघडलं. आत एकच बाटली राहिली होती. तो दार धरून तसाच उभा राहिला, आत बघत, बराच वेळ. एरवी दार क्षणभर उघडं राहिलं तरी आत्याबाई ओरडायच्या. त्या दिवशी कुणीच त्याला दार लाव म्हणालं नाही.