पत्ता बरोबर होता

एखादी गोष्ट बिघडली की चूक माझीही असू शकते, हे मला सगळ्यात शेवटी सुचतं. स्वभावच तसा. आधी तोंड सुटतं, मग डोकं चालतं.

पाचोऱ्याला एक अक्का बायकांना हाताशी धरून ज्वारीचे पापडासारखे बिबडे आणि उडदाचे पापड करतात. त्यांची ऑर्डरची वेबसाइट मी धुळ्याला देवपुरातल्या घरी बसून सांभाळते. बरेचसे लोक अजून फोनच करतात. ते सांगतात तो पत्ता तिथली एक ताई टॅबमध्ये टाइप करते. अठरा वर्षं संसार केल्यावर तिला मिळालेलं हे पहिलं लिहिण्यावाचण्याचं काम. आधी ती लाटायला बसायची. टॅब हातात आला, तेव्हा तिने घरी पेढे वाटले होते म्हणे.

त्या आठवड्यात तीन पार्सलांपुढे ‘पत्ता सापडला नाही’ असं दिसायला लागलं. तिन्ही देवपूरचे पत्ते, तिन्ही ताईने टाइप केलेले. अक्कांनी मला विचारलं, तर मी पटकन बोलून गेले, “पत्ता चुकीचा टाकला असेल. मशीन कशाला खोटं बोलेल?” अक्कांनी त्याच दिवशी ताईच्या हातातून टॅब काढून घेतला आणि तिला परत पोळपाटाशी बसवलं. आठवडाभर बघू, म्हणाल्या, नाहीतर टॅबसाठी दुसरी कोणी शोधू.

तिसरा पत्ता माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होता. ताईने चूक नेमकी काय केली ते बघून अक्कांना ऐकवावं, म्हणून दोन दिवसांनी मी तणतणतच गेले. दार एका नानांनी उघडलं. त्यांच्या हातात भाजलेला बिबडा होता.

“पार्सल?” मी विचारलं.

“ते त परवा दुपारलेच उनं. सकायले कुरिअरवालाना फोन उना व्हता, पन मी पूजाले बसेल व्हतू. दुपारले परत उना बिचारा. बस, बिबडा खाय.”

मी बसले. बिबडा फार छान होता. पार्सल परवाच आलं होतं आणि पत्ता बरोबर होता.

घरी येऊन नोंदी उघडल्या. कुरिअरच्या गाडीवर काही घडलं की त्यांची यंत्रणा आपणहून आमच्या सर्व्हरला निरोप धाडते. याला वेबहुक म्हणतात. निरोप मिळाल्याची पोच आमच्या सर्व्हरने लगेच द्यायची असते. ती मिळाली नाही, तर तोच निरोप पुन्हा येतो, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. आणि मी काय करून ठेवलं होतं? आधी ग्राहकाला मेसेज पाठवायचा, मग पोच द्यायची. सकाळच्या गर्दीत सर्व्हर रखडायचा आणि पोच वेळेत जायचीच नाही.

नानांच्या पार्सलाचा निरोप तसाच होता. ‘पत्ता सापडला नाही’ हे सकाळी पावणेअकराचं. फोन उचलला नाही की आमच्याकडचे कुरिअरवाले सरळ हेच बटण दाबतात आणि दुपारच्या फेरीत माल देतात. ‘पोहोचलं’ हा निरोप एक वाजता आला आणि नीट नोंदला गेला. त्यानंतर दोन वाजता सकाळचा तो अडकलेला निरोप पुन्हा आला. वरातीमागून घोडं! माझा प्रोग्राम शेवटी येईल त्याला खरं मानायचा. त्याने ‘पोहोचलं’ पुसलं आणि त्यावर सकाळचं लिहिलं. प्रत्येक निरोपात घटनेची खरी वेळ लिहिलेली असते. मी ती साठवत होते, पण कधी ताडून पाहत नव्हते. उरलेल्या दोन पार्सलांचंही तेच. कुरिअरला थेट विचारलं, तर तिन्ही पोहोचलेली होती.

दुपारपर्यंत दुरुस्ती केली. आधी पोच द्यायची, बाकीची कामं नंतर. आणि घटनेची वेळ जुनी असेल, तर तो निरोप इतिहासात ठेवायचा, ऑर्डरच्या स्थितीला हात लावू द्यायचा नाही. जुने निरोप मुद्दाम उशिरा पाठवून पाहिले. ‘पोहोचलं’ जागचं हललं नाही. केवढं हायसं वाटलं!

मग अक्कांना फोन केला आणि स्पीकरवर टाकायला सांगितलं. “पत्ते तिन्ही बरोबर होते. चूक माझी होती, माझ्या प्रोग्रामची. ताईंची नाही.”

पोळपाटांचा आवाज थांबला. अक्का म्हणाल्या, “चूक तुनी, आन् बोलनं तिनी खादं. तूच बोल आते तिनाशी.”

ताई फोनवर आल्या. मी माफी मागितली. पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला आणि त्या हसल्या.

“बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “काल मी भुसावळला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, काही झालं नाही, नीट दिसतंय तुम्हाला. तरी मला खरं वाटेना.”