अक्कांनी खोडलेलं पान

आमच्या घरात मला इतिहासाचा जाणकार समजतात. ही अफवा मीच पसरवली आहे. खरं काय झालं होतं, ते एकदा लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकात मी फैजपूरकडच्या केळीच्या मळ्यातून जळगावला बी.ए. करायला आलो आणि तिथल्या मेहरूण भागात खोली घेतली. दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या सरांनी समाजसुधारणेच्या चळवळींवर निबंध सांगितला. अट अशी की विषय समजण्यासाठी एक सोपा इतिहास वाचायचा आणि त्याच्या शेजारी त्या काळातला अस्सल आवाज ठेवायचा: पत्रक, आठवण किंवा जिवंत माणूस. कोण बोललं, कुठे उभं राहून बोललं, हे प्रत्येक टिपणावर लिहायचं. आणि माणूस जिवंत असेल तर लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं.

ग्रंथालयातून मी सगळ्यात बारीक पुस्तक निवडलं. भाषा खरोखर सोपी होती, दोन दुपारींत संपलं. जिवंत माणूस शेजारीच होता. पलीकडच्या बौद्ध कुटुंबातल्या अक्का, वय सत्तरीच्या आसपास. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या गावच्या वस्तीने मेलेली ढोरं ओढायचं आणि ते मांस खायचं सोडलं होतं.

अक्का ज्वारी निवडत बोलल्या. मी विचारल्यावर आधी त्यांनीच विचारलं, "तुमच्या गावात मेलेलं ढोर कोण ओढतं, भाऊ?"

मला माहीत नव्हतं. बैल आमच्याच गोठ्यात मेले होते.

"बरं, लिव. पण आम्हा बायांचं लिवशील, तरच सांगते. सभेचं सगळे सांगतात."

मी कबूल झालो. सभेत पुरुषांनी ठराव केला. गावाने वस्तीचं धान्य बंद केलं. तेव्हा बायांनी घरोघर जाऊन ते मांस शिजायचं ती चुलीवरची मडकी बाहेर काढली, म्हाताऱ्या सासवांची समजूत घातली आणि दोन कोसांवरच्या गावात कापूस वेचायला जाऊन घरं चालवली. अक्कांनी ट्रंकेतून त्या सभेचं पिवळं पत्रकही काढलं.

खोलीवर येऊन मी लिहायला बसलो. पुस्तकात होतं, स्त्रिया सभांना उपस्थित राहत. पत्रकात सगळी नावं पुरुषांची. दोन छापील कागद एका बाजूला आणि ज्वारी निवडणारी बाई दुसऱ्या बाजूला. मी विद्वानासारखा निर्णय घेतला. अक्कांचं बोलणं शुद्ध पुस्तकी मराठीत आणलं, "आम्ही" काढून "वस्तीतील पुरुषांनी" घातलं आणि शेवटी लिहिलं, "स्त्रियांनीही मोलाची साथ दिली." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

वाचून दाखवताना तिसऱ्यांदा वाचलं. अक्कांनी सूप खाली ठेवलं.

"मन्हं सांगेल बठ्ठं कोठे गयं?" एरवी माझ्याशी शहरी बोलणाऱ्या अक्का गावच्या अहिराणीवर आल्या; त्यांनी सांगितलेलं सगळं कुठे गेलं, असं विचारत होत्या. "हाई तुन्हं शे, मन्हं नही." आणि माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी पानावर आडवी रेघ मारली. सहीपुरता शिकलेला हात, पण रेघ सरळ होती.

मी सरांकडे गेलो, म्हटलं, बाईचं म्हणणं कागदाशी जुळत नाही.

"कागद त्यांना खोटं ठरवतो का?"

"नाही सर. गप्प आहे."

"मग गप्प आहे असं लिहा. पत्रक कोणी छापलं? सभा भरवणाऱ्यांनी. त्यांना सभाच दिसणार. या बाई चुलीपाशी होत्या, त्यांना चूल दिसली. दोन्ही शेजारी ठेवा. कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी घालू नका."

मी पुन्हा लिहिलं. या वेळी अक्कांचे शब्द जसेच्या तसे आणि पश्चात्तापाच्या भरात थोडे जास्तच; त्या "दहाजणी" म्हणाल्या होत्या, त्यात मी त्यांनाही मोजलं: पहिल्या दिवशी अकरा बाया निघाल्या, सर्वांत पुढे अक्का.

मी अक्कांना वाचून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "अकरा नाही, दहा. पहिल्या दिवशी मी नव्हते."

"पण तुम्हीच तर..."

"तुला वाटलं. तू विचारलंच नाहीस. मी नवी नवरी, सासूला भ्यायचे. आमच्या घरचं मडकं त्या दहाजणींनी काढलं. दुसऱ्या दिवशी मी निघाले."

मी म्हटलं, अक्का, राहू द्या की, कोण बघतंय?

"त्या दहाजणी होत्या ना," त्या म्हणाल्या आणि नावं सांगू लागल्या. एका नावाशी अडल्या. त्या बाईच्या पोरीचं नाव घेत, माहेरचं गाव घेत पाच-सात मिनिटांनी तिच्यापर्यंत पोचल्या. मी दहाही लिहिली, खाली "अक्का, दुसऱ्या दिवसापासून" असं लिहिलं. खाली त्यांनी सही केली.

निबंधाला किती गुण मिळाले ते मी घरच्यांना दर वेळी वेगळं सांगतो. ती दहा नावं मात्र एकदाही चुकलो नाही.