डेबिट बाकी, मान्य

भेटणारा प्रत्येक शहाणा मला एकदा तरी विचारतो, ‘डेबिट म्हणजे कमी होणं अन् क्रेडिट म्हणजे वाढणं, एवढंच ना?’ माझं डोकंच सरकतं. पंचवीस वर्षं हिशेब लिहून राहिलो बापा, एवढंच असतं तर काय पाहिजे होतं! पण हल्ली मी वाद घालत नाही. याच गोष्टीवरून मी एका बाईचं वाटोळं होऊ दिलं, आणि तेव्हा मला हे सगळं नीट येत होतं.

मी नागपूरला गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात अकाउंटंट होतो. मालक समोर गादीवर, मी मागे जिन्याखाली कॉम्प्युटरपुढे. कामठीहून एक बाई यायची, चाळिशीची, बोलायला खणखणीत. घरी शिवणाच्या पाच मशिनी आणि हाताखाली चार बायका. आमच्याकडून कापडाची थानं न्यायची, परकर शिवून आणायची. कापड दिलं की मी त्याची किंमत तिच्या खात्यात डेबिट टाकायचो, परकर आले की तिचं बिल क्रेडिट. तिची बिलं नेहमी जास्तीची, म्हणून खात्यात शेवटी क्रेडिट बाकी उरायची. म्हणजे तेवढे पैसे आम्ही तिला द्यायचे होते.

तिला वही लिहायला मीच शिकवलं. मला शिकवायची भारी हौस, चहा समोर आला की माझा मास्तर व्हायचा. मी म्हटलं, “हे पहा ताई, जो तुमचं देणं लागतो त्याच्या खात्यात डेबिट. आपलं जुनं नावे म्हणतात ना, तेच. आमचं दुकान तुमचं देणं लागतं, म्हणून तुमच्या वहीत आम्ही डेबिट.”

तिनं लगेच विचारलं, “मंग भाऊ, बँकेत मी पैसे भरले तं मेसेज क्रेडिटचा काहून येते? पैसे तं बँकेजवळ हायेत. बँक डेबिट पाहिजे ना?”

काय प्रश्न होता! उत्तर सरळ होतं. तो मेसेज बँक स्वतःच्या वहीतून पाठवते. तुमची ठेव म्हणजे बँकेवरचं देणं, आणि देणं वाढलं की ते क्रेडिट. तुमच्या वहीत तोच पैसा तुमचा, येणं वाढलं की डेबिट. व्यवहार एक, वह्या दोन, आणि दोन्हीत बाजू उलट्या. दोन मिनिटांचं काम होतं. पण माझा चहा संपला होता. मी म्हटलं, “ते बँकेचं वेगळं असते ताई, सोडा.” तिनं सोडलं.

पुढे ऑडिट आलं. ज्याची त्याची बाकी ज्याला त्याला मान्य आहे, अशी सहीची पत्रं लागतात. मी किरकोळ दुकानदारांची चाळीस पत्रं काढली. ते सगळे आमचं देणं लागणारे, म्हणून मजकुरात ‘आमच्या वहीप्रमाणे आपल्या खात्यात डेबिट बाकी’ एवढं कायम ठेवून फक्त नाव आणि रक्कम बदलत गेलो. त्याच गठ्ठ्यात हिचं पत्र निघालं. तिथं क्रेडिट करायचं राहिलं. शहाऐंशी हजार चारशे, डेबिट.

ती आली, पिशवीतून वही काढली आणि एकेक आकडा बोटानं लावून पाहिला. तोंडभर हसली. “जुळलं भाऊ! माह्या वहीतही डेबिट, तुमच्याही कागदावर डेबिट. रुपयाचा फरक नाही.” आणि ठसठशीत सही केली. दोन वह्यांत एकच शब्द आला म्हणजे कुठंतरी घोळ आहे, हे तिला कोण सांगणार? मीही न बघता कागद गठ्ठ्यात घातला.

संध्याकाळी मालक गठ्ठा चाळायला बसले आणि एकदम खो खो हसले. “काय गा, ही बाई तं आपल्यालेच देणं लागते!”

“चुकलं सेठ. उद्या दुसरं काढतो.”

“राहू दे. फायलीत नको लावू, माह्याजवळ दे.”

मी दिलं. हातात दिलं, नेऊन.

त्यानंतर तिचे पैसे थांबले. आज या, सोमवारी या, सेठ बाहेर गेले. तीन महिने ती कामठीहून हेलपाटे घालत होती. त्या पैशात चार बायकांची मजुरी अडकली होती. “माहं सोडा भाऊ,” ती मला म्हणायची, “त्या बायका मले रोज विचारून राहिल्या.” मी मान हलवायचो.

शेवटी ती गादीसमोर वही उघडून बसली आणि म्हणाली, आज घेतल्याशिवाय उठणार नाही. मालकांनी गल्ल्यातून तो कागद काढला. “वाच बाई. सही कोणाची?”

“माहीच. बरोबर हाय ना, डेबिट.”

“तू वहीत डेबिट कोणाले लिहिते?”

“जो देणं लागते त्याले. या भाऊनंच शिकवलं.”

“हा कागद कोणाच्या वहीचा?”

“तुमच्या.”

“आमच्या वहीत डेबिट कोण?”

तिचे ओठ हलत होते, मनात काहीतरी मांडत होती. मग वळून माझ्याकडे पाहिलं. मी दोन मिनिटांत सांगायचं टाळलेलं त्या बाईनं तिथं बसल्या बसल्या एकटीनं शोधून काढलं. “भाऊ, माह्या वहीत तुम्ही डेबिट, तं तुमच्या वहीत मी क्रेडिट पाहिजे होती. हे उलटं छापलं गेलं. तुमच्याच हातानं झालं असन. सांगा ना त्याह्यले.”

माझ्या कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडंच होतं. क्रेडिट, शहाऐंशी हजार चारशे. मालक माझ्याकडे पाहत होते, हसतच.

“कागदावर आहे तेच खरं, ताई,” मी म्हटलं.

मग मालक दिलदार झाले. वकिलाची नोटीस पाठवून शहाऐंशी हजार वसूल करता येतील, पण गरीब बाई आहे, जाऊ दे, माफ केलं म्हणाले. फक्त लिहून दे, कोणाचं कोणाकडे काही राहिलं नाही. तिनं लिहून दिलं. अक्षर ओळीखाली गेलं. “हात तं जोड,” मालक म्हणाले. तिनं जोडले.

ती दुकानाची पायरी उतरायच्या आत मी नोंद टाकली. तिचं खातं डेबिट, इतर उत्पन्न क्रेडिट. आमच्यावरचं देणं शून्य झालं आणि नफा तेवढ्यानं वाढला. नोंदीत एक चूक नव्हती. दिवाळीला मालकांनी मला पाच हजार जास्त दिले, मी घेतले.

दिवाळीनंतर तिचा फोन आला, भर दुपारी. तीन मशिनी विकल्या होत्या, तरी सगळ्यांची मजुरी पुरी झाली नव्हती.

“भाऊ, पैसे नको मले. बायका बसल्या हायेत समोर. त्याह्यले वाटून राहिलं का मी पैसे खाल्ले. मी फोन मोठ्या आवाजात केला हाय. तुम्ही फक्त एवढं सांगा, का मले दुकानातून काही भेटलं नाही. बाकी काही नका बोलू.”

मागे बायकांची कुजबुज ऐकू येत होती, मग तीही थांबली. सगळ्या ऐकत होत्या.

“राँग नंबर,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.