मूठ आवळू नका

“अम्मा, ये सामनेच है दवाखाना. उतारतूं क्या?” रिक्षावाल्यानं वेग कमी केला.

मालकांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं होतं. पाय त्यांना स्वतःहून आत घेता येत नव्हते, मीच ओढून घेतले होते. त्यांच्या मनगटावर माझं बोट होतं. एक ठोका लागायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक. बाहेर चार मजली दवाखाना, निळ्या काचा, आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘चोवीस तास तातडीची सेवा’.

“न्हाई. पुढं चल.”

“अम्मा, आगे सिग्नल है. हालत देखो इनकी.”

“बघूनच राहिले ना मी! चल म्हणते तर.”

तो काहीतरी पुटपुटला आणि त्यानं रिक्षा पळवली. निळ्या काचा मागं गेल्या. नवऱ्याला वाचवायला निघाले की मारायला, हे मला तेव्हा कळत नव्हतं. माझं शिक्षण चौथी. मी मनात ठोके मोजत होते.

दीड महिन्यापूर्वी आम्ही जळकोटहून लातूरला आलो होतो. नातीनं डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावला होता आणि मेसचं खाऊन ती दोनदा आजारी पडली. मुलगा आणि सून दोघं शाळेत शिकवतात, त्यांना येता येईना. मग आम्ही दोघं म्हातारे स्वयंपाकाला आलो. क्लासच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या.

भांडी लावून झाल्यावर मी पहिल्यांदा डॉक्टर शोधायला निघाले. मालकांना साखर, बीपी, आणि मूत्रपिंडही थोडं कमजोर. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर मी दोन दिवस बसले. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. एका डॉक्टरच्या चिठ्ठीवर नऊ-नऊ ओळी, दुसऱ्याच्या तीन-चार. तीन ओळींवाल्याकडं गेले आणि आजारी नसताना बाकावर बसून राहिले. तो पेशंटला हात लावून तपासतो हे दारातून दिसलं. महिन्याभरानं मालकांचे पाय सुजले, तेव्हा त्यांना नेलं. त्यानं पायाची सूज दाबून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं.

“अन् एकदम काही झालं तर कुठं न्यायचं?” मी विचारलं.

“माझ्याकडं तसली सोय नाही, आजी. स्टेशनच्या रस्त्याला जा. तिथं डायलिसिसचं मशीन आहे आणि डॉक्टर मुक्कामी असतो.”

मी जाऊन पाहिलं. दुपारी अडीचला गेले. डॉक्टर होता, डबा खात होता, पण होता. येताना निळ्या काचांच्या दवाखान्यातही शिरले. तिथं एक नर्स आणि वॉचमन. नर्स म्हणाली, “डॉक्टरांना फोन करून बोलवावं लागतं.” पाटीवर चोवीस तास लिहिले होते, ते नुसते पाटीचेच होते.

लॅबचंही तसंच. पहिली लॅब नुसती रक्त गोळा करून दुसरीकडं पाठवायची, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. दुसरीत मशीन तिथंच होतं. काम बघणारी बाई पस्तिशीची, तोंडानं फटकळ. मालकांनी गावातल्या सवयीनं मूठ आवळली, तशी ती ओरडली, “बाबा, मूठ आवळू नका!”

“आमच्याकडं तर आवळायला लावतात,” मी म्हणाले.

“लावत असतील. पोटॅशियमचा आकडा खोटा चढतो त्यानं.”

“मग नळीवर नाव आत्ता लिही. माझ्यासमोर.”

“लिहूनच राहिले ना, आजी! वाचा, बरोबर हाय का?”

“मराठीत असतं तर वाचलं असतं.”

ती हसली. फोन नंबर विचारला. माझ्याकडं आणि मालकांकडं एकच साधा फोन, त्याचं बटण बिघडलेलं. म्हणून मी नातीचा नंबर दिला, घरातलं सगळं तिच्याच फोनवर चालायचं. पत्ता विचारला तर मी म्हणाले, “झेरॉक्सच्या वर. खाली हिरवं शटर.” “पत्ता असा असतो का?” म्हणत तिनं तोच लिहून घेतला.

क्लासमध्ये पोरांचे फोन दारातच बंद करून पेटीत ठेवून घेतात. हे मला ठाऊक होतं. रोज नात तेच रडगाणं गायची. तरी नंबर देताना ते डोक्यात आलं नाही.

रक्त दिलं त्याच दिवशी दुपारी मालक मोरीकडं जायला उठले आणि बाजेवर परत बसले. “पाय माझे न्हाईत गं,” म्हणाले. मी म्हणाले, “ऊन लागलं असंल, पडा.” मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी करून देणारच होते, तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. लॅबची बाई होती. घामानं भिजलेली.

“आजी, किती फोन केले! बंद येतोय. बाबा कसे हायेत?”

“पाय गेले म्हणतात.”

“पोटॅशियम सात पॉइंट दोन आलंय. दोनदा मशीनला लावलं मी. हृदय बंद पडू शकतं. आत्ता न्या.”

“खोटा आकडा नसंल ना? मूठ…”

“मूठ मीच सोडायला लावली होती ना!”

आकडा खोटा नव्हता. तिनं आणि खालच्या झेरॉक्सवाल्यानं मालकांना जिन्यावरून उतरवलं. रिपोर्ट तिनं माझ्या हातात कोंबला. स्टेशन रस्त्याच्या दवाखान्याला फोन करते म्हणाली आणि केला.

रिक्षा तिथं पोचली तेव्हा दारात स्ट्रेचर उभं होतं. माझ्या मांडीवरून त्यांनी मालकांना उचलून नेलं. छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी निघाली. डॉक्टरनं ती पट्टी पाहिली. मशीनकडं बघत त्यानं शिरेत कॅल्शियमचं इंजेक्शन हळूहळू सोडलं. मग साखरेच्या पाण्याबरोबर इन्सुलिन. तोंडाला वाफेचा मास्क. पुन्हा रक्त घेतलं. मला कागदावर सही करायला लावली. मी नाव लिहिलं, दुसऱ्या अक्षराची वेलांटी विसरले.

“आजी, घरात मीठ कुठलं वापरता?” डॉक्टरनं विचारलं.

मिठाचं काय विचारतो, असं मला वाटलं. “नातीनं आणलंय, बीपीवाल्यांचं. पुड्यावर कमी सोडियम लिहिलंय म्हणते.”

“त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. यांचं मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. त्यात बीपीची गोळीही पोटॅशियम वाढवणारीच.”

महिनाभर मी त्या मिठाची भाजी, वरण, आमटी केली होती. चव लागत नाही म्हणून मालक वरून अजून घ्यायचे, आणि मी वाढत होते. डॉक्टरकडं बाकावर बसून मी त्याचे हात तपासले, नळीवरचं नाव तपासलं, दवाखान्यात दुपारी डॉक्टर असतो का ते तपासलं. माझ्या मिठाच्या बरणीकडं मी पाहिलं नाही.

संध्याकाळी नात क्लास सुटल्यावर फोन चालू करून धावत आली. अकरा मिस्ड कॉल. “आजी, मीठ मी…” म्हणून रडायला लागली. मी म्हणाले, “रडू नको. आणलं तू, घातलं मी. तुझ्या बापाला फोन लाव.”

रात्री डायलिसिस झालं, एक दिवस सोडून पुन्हा एकदा. मुलगा आला, सून आली. पाचव्या दिवशी मालक स्वतःच्या पायांनी संडासाला गेले.

निळ्या काचांच्या दवाखान्यात त्या दुपारी डॉक्टर होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

मालक वाचले.