सोमवारच्या आत प्रोव्हिजनल

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात माझं काम अभिलेख खोलीचं. म्हणजे जुन्या निकालांची बांधीव रजिस्टरं, त्यांची धूळ आणि मी. माझ्याकडे सहसा कुणी येत नाही. ज्याचं काम खिडकीवर अडतं, तोच वळसा घालून माझ्यापर्यंत पोचतो, आणि येतानाच त्याचं तोंड उतरलेलं असतं. शिडीताई आल्या तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं नव्हतं, म्हणून त्या माझ्या लक्षात राहिल्या.

शिडीताई हे काही त्यांचं नाव नव्हे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकोणीस वर्षं त्या मदतनीस होत्या. वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असेल तर दिवसातून शंभरदा शिडीवर चढणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं, आणि पुढे ते प्राचार्यांच्याही तोंडी बसलं. बाईंनीही ते हसून स्वीकारलं. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला नाव घातलं. दिवसा काम, संध्याकाळी वर्ग, घरी नवरा आणि दहावीतली मुलगी. नवरा छापखान्यात मशीन चालवतो. घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्याने आपल्याकडे घेतलं आणि दोन वर्षांत एकदाही भात करपू दिला नाही, असं त्या अभिमानाने सांगायच्या.

पदवीचा निकाल लागला आणि पाठोपाठ दुसऱ्या एका संस्थेत ग्रंथपाल म्हणून त्यांची निवड झाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. नियुक्तीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं, रुजू होताना मूळ पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र दाखवावं. गुणपत्रिका चालणार नाही. पदवीदान समारंभ तर चार महिन्यांनी. त्याच्या आत मूळ पदवी कुणालाच मिळत नाही, त्यामुळे सगळे त्या तात्पुरत्या प्रमाणपत्रासाठी, म्हणजे प्रोव्हिजनलसाठी, आमच्या खिडकीवर येतात.

बुधवारी सकाळी खिडकी उघडायच्या आधीच त्या रांगेत पहिल्या होत्या. हे मला नंतर नियमबाईंनी सांगितलं. नियमबाई म्हणजे खिडकीवर बसणाऱ्या आमच्या सहकारी. त्यांच्याकडून एक स्वल्पविराम जास्तीचा सुटायचा नाही, पण मनाने वाईट बाई नव्हे. शिडीताईंनी त्यांच्यापुढे कागद मांडले ते असे : भरलेल्या अर्जाची छापील प्रत, शुल्क भरल्याची पावती, चारही सत्रांच्या गुणपत्रिका, ओळखपत्राची झेरॉक्स, एकही पुस्तक बाकी नसल्याचा ग्रंथालयाचा ना-देय दाखला आणि नियुक्तीपत्र. नियुक्तीपत्रातल्या सोमवारच्या तारखेखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली.

"तातडीचा अर्ज आहे, मॅडम," त्या म्हणाल्या.

"इथे येणारा प्रत्येकजण तातडीचाच असतो," नियमबाई म्हणाल्या, पण कागद एकेक करून तपासले. ना-देय दाखल्यावर त्या थांबल्या. "हा तुमच्याच ग्रंथालयाचा?"

"हो. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांना हा दाखला देत आले. माझी पाळी आली तेव्हा ग्रंथपाल साहेबांनी मलाच रांगेत उभं केलं. म्हणाले, आधी माझ्यासमोर पुस्तकांचं कार्ड दाखवा."

नियमबाईंना हसू आलं, पण संगणकावर आसनक्रमांक टाकला तसं ते मावळलं. पडद्यावर तिसऱ्या सत्रापुढे लाल अक्षरांत आलं होतं : अनुत्तीर्ण.

"तुमचा एक विषय राहिलाय. वर्गीकरणाचा. तो निघाल्याशिवाय पदवी नाही, आणि पदवी नाही तर प्रोव्हिजनलही नाही."

"राहिला नाही. तीन गुणांनी गेला होता, म्हणून मी पुनर्मूल्यांकनाला दिला. त्यात पास झाले. ही बघा सुधारित गुणपत्रिका. जुनी तुम्हीच जमा करून घेतली होती."

गुणपत्रिका खरी होती, शिक्का खरा होता. पण कुणाच्या हातातल्या कागदावर विसंबून आम्ही प्रमाणपत्र देत नाही. आमच्या दप्तरातली नोंद जुळली पाहिजे. नाहीतर उद्या कुणीही रंगीत झेरॉक्स घेऊन पदवीधर होईल. नियमबाईंनी हे त्यांना सांगितलं आणि वर म्हणाल्या, "बदल संगणकात चढलाच नाही असं दिसतंय. अर्ज ठेवून जा. चौकशीला आठ-दहा दिवस धरा."

दुसरं कुणी असतं तर खिडकीवर रडलं असतं किंवा भांडलं असतं. शिडीताईंनी विचारलं, "चौकशी म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

"पुनर्मूल्यांकनाचं मूळ रजिस्टर शोधायचं, त्यावरून टिपण करायचं, अधीक्षकांची सही, मग नियंत्रकांची मंजुरी, मग नोंद दुरुस्त."

"रजिस्टर कुठे असतं?"

"अभिलेख खोलीत. पण तिथे विद्यार्थ्यांना प्रवेश नाही."

"मी दाराबाहेर थांबते. रजिस्टर शोधायला किती वेळ लागतो, तेवढं तिथल्या माणसाला विचारते."

अशा त्या माझ्या दाराशी आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि सगळी हकिगत चार वाक्यांत सांगितली. मला असं बोलणारी माणसं आवडतात. बुधवार-गुरुवार करत मी त्या हंगामाचे पुनर्मूल्यांकनाचे तिन्ही गठ्ठे उघडले. त्यांचा क्रमांक कुठेही नव्हता. त्या गुरुवारी दुपारी पुन्हा आल्या तेव्हा मी हात टेकले होते.

"ताई, सापडत नाही. तुमच्या परीक्षेच्या हंगामाचे सगळे गठ्ठे पालथे घातले."

मधल्या वेळात त्यांनी नव्या संस्थेत फोन केला होता. तिथल्या कार्यालयाने सांगितलं की मुदतवाढ हवी असेल तर लेखी अर्ज संचालकांकडे करा, पण प्रतीक्षायादीतला पुढचा उमेदवार तयार आहे, मंजूर होईलच असं नाही. हे सांगतानाही त्यांचा आवाज हलला नाही. मग त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही ही रजिस्टरं लावता कशी? परीक्षेच्या हंगामाप्रमाणे, की निकाल जाहीर झाल्याच्या तारखेप्रमाणे?"

मी म्हटलं, "नेहमीच्या निकालांची हंगामाप्रमाणे."

"आणि पुनर्मूल्यांकनाची?"

पुनर्मूल्यांकनाचे निकाल तुकड्यातुकड्यांनी लागतात आणि ज्या दिवशी सूचना निघते त्या दिवसाच्या गठ्ठ्यात जातात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, डोक्यातून निसटलं होतं. त्यांनी गुणपत्रिकेच्या तळाशी बोट ठेवलं. निकालाची तारीख होती नव्या वर्षाच्या जानेवारीतली. परीक्षा जुन्या वर्षातली.

"आमच्याकडे एखादं पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं," त्या म्हणाल्या, "तर त्याच्या जागेवर शोधून काही होत नाही. ज्याने ठेवलं त्याच्या डोक्याने शोधावं लागतं."

मी आत गेलो. पुढच्या वर्षाच्या पहिल्या गठ्ठ्यात, अकराव्या पानावर, त्यांचा आसनक्रमांक होता. जुने गुण खोडलेले, नवे गुण लिहिलेले, परीक्षकाची सही, तारीख. रजिस्टर उचलून दारापाशी आणलं आणि पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं, दोनदा. मग चष्मा काढून पदराने पुसला. तेवढं एकदाच मला वाटलं की बाईंचाही जीव टांगणीला लागला होता.

"आता टिपण कोण लिहिणार?" त्यांनी विचारलं.

टिपण लिहायचं काम नियमबाईंचं होतं, आणि घड्याळात साडेचार वाजले होते. मी रजिस्टर घेऊन खिडकीवर गेलो. नियमबाईंनी पान पाहिलं, गुणपत्रिकेशी ताडून पाहिलं, क्रमांक मोठ्याने वाचून घेतला आणि मग कोरा कागद ओढला. अर्ध्या तासात टिपण तयार : मूळ नोंदीत बदल झालेला आहे, संगणकीय नोंदीत तो राहून गेला आहे, सोबत रजिस्टरच्या पानाची साक्षांकित प्रत, दुरुस्तीस मंजुरी मिळावी. खाली रुजू होण्याची तारीखही त्यांनी स्वतःहून लिहिली. अधीक्षकांनी जाता जाता सही केली.

शुक्रवारची खरी अडचण वेगळी होती. नियंत्रक मॅडम दोन वाजता बाहेरगावच्या बैठकीला निघणार होत्या, आणि प्रमाणपत्रावर सही त्यांचीच लागते. सकाळी दहाला टिपण त्यांच्या टेबलावर गेलं. साडेअकराला त्यांनी नियमबाईंना बोलावून घेतलं.

"पुनर्मूल्यांकनाच्या त्या तुकडीतले बाकीचे विद्यार्थी?" मॅडमनी विचारलं. "त्यांच्याही नोंदी राहिल्या असतील ना?"

नियमबाईंनी कबूल केलं, सतरा जण होते. त्यांच्यातल्या कुणाचंच अजून अडलं नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. मॅडमनी टिपणावर मंजुरी दिली आणि बाजूला लिहिलं, संपूर्ण तुकडीच्या नोंदी आठवड्यात दुरुस्त कराव्यात. त्या सतरा माणसांना आपला ताप कुणी टाळला हे कधी कळणार नाही.

मग संगणकातली लाल अक्षरं गेली. प्रमाणपत्र छापलं गेलं. एक वाजून वीस मिनिटांनी मॅडमची सही झाली, शिक्का बसला, आणि नियमबाईंनी खिडकीतून हाक मारली. पण शिडीताईंनी तो कागद लगेच पिशवीत टाकला नाही. रांगेतून बाजूला होऊन भिंतीला टेकल्या आणि नाव, आसनक्रमांक, पदवी, श्रेणी, तारीख असं ओळीने बोट फिरवत वाचलं.

"काही चूक आहे का?" नियमबाईंनी जरा कडकच विचारलं.

"नाही. सगळं बरोबर आहे. नंतर सापडली असती तर पुन्हा तुम्हालाच त्रास."

नियमबाई वही पुढे सरकवत म्हणाल्या, "मिळाल्याची सही करा इथे. आणि हे समारंभ होईपर्यंतच चालतं, हे लक्षात ठेवा. मूळ पदवी मिळाली की ती तिकडे नेऊन दाखवायची." मग थोडं थांबून, "तुमच्यासारखी चार माणसं आली तर माझी खिडकी दुपारीच रिकामी होईल."

शिडीताईंनी जिन्यातूनच घरी फोन लावला. मुलगी पलीकडून काय ओरडली ते मला माझ्या खोलीपर्यंत ऐकू आलं. "बाबांना सांग," त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळचा डबा त्यांनी करायचा. मला आठला निघायचंय."

सोमवारचं मी पाहिलं नाही, त्यांनीच आठवड्याने येऊन सांगितलं. नव्या संस्थेच्या कार्यालयात एका तरुण कारकुनाने प्रमाणपत्र उजेडाकडे धरून पाहिलं, झेरॉक्स साक्षांकित करून घेतली, मूळ परत दिलं आणि हजेरीपटावर त्यांना सही करायला सांगितलं. नाव लिहून झालं तशी त्यांनी ग्रंथालयाची किल्ली मागितली. तो म्हणाला, "आज पहिला दिवस आहे, जरा बसा, चहा घ्या."

"चहा घेते," त्या म्हणाल्या, "पण तिथेच घेते. आधी फळ्या बघायच्यात."