शंकरपाळी आणि चौरस

आमच्या मुख्याध्यापकांना वर्गात येऊन मुलांना पारखायचा मोठा सोस. एकदा ते माझ्या दुसरीच्या वर्गात आले, पुठ्ठ्याचा चौरस टोकावर उभा धरला आणि पुढच्या मुलीला विचारलं, हे काय?

"शंकरपाळी हाय की," ती म्हणाली.

सरांनी तिला मागे पडलेल्यांत टाकलं. ही मुलं सोमवारपासून खेळाच्या तासाला व्हरांड्यात बसून पाढे लिहिणार होती. पाढे लिहिल्याने आकार ओळखता येतात, हा शोध बहुधा जुळे सोलापुरातच लागला. पोरगी खो-खोत सगळ्यांत चपळ. तिचं तोंड एवढंसं झालं.

मी सरांना समजावलं. लहान मूल आकार अख्खा बघतं, माणसाचा चेहरा बघावा तसा. बाजू मोजत बसत नाही; ही आकार शिकण्याची पहिली पायरी. वर्गातल्या आकारांच्या तक्त्यावरचा चौरस कायम सपाट बसलेला, तो टोकावर उभा राहिला की तिच्या लेखी दुसराच कोणी. सर म्हणाले, तक्ता मी स्वतः निवडून आणलाय. झालं, शास्त्र संपलं. शनिवारी तिला पुन्हा विचारायचं, एवढं मात्र मी कबूल करून घेतलं.

मग कामाला लागले. आधी तिच्याच पायरीवरचं काम: पुठ्ठ्याचे आकार कापले, मुलांनी सारखे दिसतील ते एकत्र ठेवले, मग उलटे-तिरके फिरवून पुन्हा लावले. नंतर पिशवीत हात घालून न बघता ओळखायचं. दिसेनासं झालं की बोटं आपोआप बाजू आणि कोपरे चाचपतात. इथून दुसरी पायरी सुरू होते, गुणधर्मांची. खराट्याच्या चार सारख्या काड्या मातीच्या गोळ्यांनी जोडल्या. चौकट तिरकी दाबली की शंकरपाळी. चारही कोपऱ्यांत वहीचा कोपरा नीट बसला की चौरस. मुलांनी दिवसभर दाबादाबी केली. वर्ग कुंभारवाड्यासारखा झाला, त्याबद्दल शिपाईमामांनी मला सुनावलं ते वेगळंच.

शनिवारी सरांनी तोच पुठ्ठा तसाच धरला. पोरीनं तो हातात मागून घेतला, फिरवला, वही लावली.

"चौरस हाय सर. चारी बाजू सारख्या, कोपरे वहीवानी. कसाबी धरा."

सर इतक्यावर थांबतील तर ते सर कसले. त्यांनी विचारलं, "मग हा आयत पण आहे का?"

चौरस हा आयतच असतो, हे तिसऱ्या पायरीवर कळतं. वरच्या वर्गात आयताच्या अटी फळ्यावर लिहून त्यांत कोण कोण बसतं ते तपासायला लावलं की हळूहळू उमजतं. दुसरीच्या पोरीला हे विचारायचं नसतं.

"न्हाय सर," ती ठामपणे म्हणाली. "आयत लांब असतोय."

"शाब्बास," सर म्हणाले. "चौरस वेगळा, आयत वेगळा. अगदी बरोबर." आणि तिथल्या तिथे तिचा व्हरांडा रद्द केला.

मी पोरांना मैदानावर जायला रांगेत उभं केलं. खेळाचा तास सुरू व्हायचा होता, आणि तिसरी पायरी सरांना समजावण्याइतका वेळ माझ्याकडे नव्हता.